360 आणि 1366 म्हणजे काय? टेस्टला बसण्याआधी

"सर, कंटेंट रायटरच्या जॉबसाठी टेस्ट आलीय. राजगडावरचा एकच मजकूर 360 आणि 1366 रुंदीसाठी द्यायचाय. हे आकडे कशाचे आणि मी नक्की काय बदलायचं?"

हे आकडे स्क्रीनची रुंदी सांगतात, पिक्सेलमध्ये. 360 दिसलं की बहुतेक अँड्रॉइड फोन, 390 किंवा 393 ला आयफोनही असू शकतो, 768 ते 820 च्या आसपास टॅबलेट आणि 1366 म्हणजे साधा लॅपटॉप. पण हा अंदाजच धर हं, कारण लॅपटॉपवर कुणी खिडकी अर्धी करून वाचत असेल तर आकडा 683 पर्यंत येतो, आणि फोन आडवा धरला की तोच 360 वाला फोन 800 दाखवू शकतो. म्हणून टेस्टमध्ये "360 म्हणजे मोबाईल" असं छातीठोक लिहू नकोस, "अरुंद स्क्रीन, बहुधा फोन" असं लिही.

आता पॅरा. 360 मधून दोन्ही बाजूंचे 16-16 पिक्सेल समास गेले की 328 उरतात, त्यात 16 च्या फॉन्टमध्ये मराठीचे साधारण पाच-सहा शब्द एका ओळीत बसतात. लॅपटॉपवर 700 च्या कॉलममध्ये बारा-तेरा बसतात. म्हणजे 90 शब्दांचा जो पॅरा तिकडे सात-आठ ओळींचा सुटसुटीत दिसतो तोच फोनवर सोळा-सतरा ओळींची भिंत होतो, आणि मराठीत वरखाली मात्रा-उकार असल्याने ओळींमध्ये जागा जास्त सोडावी लागते, त्यामुळे तेवढ्यातच स्क्रीनचा अर्ध्याहून जास्त भाग भरतो. मी फोनसाठी 40-50 शब्दांवर थांबायला सांगतो. मात्र प्रत्येक वाक्याचा वेगळा पॅरा केलास तर वाचणाऱ्याला कशाचा कशाशी संबंध तेच कळत नाही, फार जण ही चूक करतात.

पॅरा विचार वळतो तिथे तोड. समज, तुझा पॅरा असाय: गुंजवण्याहून चढण, मग पद्मावती माचीवर मुक्काम, मग "तिथे पाण्याचं तळंही आहे, पण उकळून प्या". लॅपटॉपवर "तिथे" चालतं, माची दोन ओळी वरच दिसत असते. फोनवर तू पाण्याचा वेगळा पॅरा केलास की माची वर सरकून गेलेली असते, म्हणून "पद्मावती माचीवर पाण्याचं तळं आहे" असं नाव परत घ्यावं लागतं. नुसतं एंटर मारून भागत नाही, प्रत्येक नव्या पॅऱ्याचं पहिलं वाक्य तपासावं लागतं. माझ्या मते परीक्षक हेच बघतील.

पाठवण्याआधी क्रोममध्ये F12 दाब, मग Ctrl+Shift+M, वर रुंदीच्या चौकटीत 360 टाक आणि मजकूर एकदा मोठ्याने वाच. पॅऱ्याचा शेवट येईपर्यंत त्याची सुरुवात वर निघून गेली, तर तो अजून लांब आहे.