प्रवचनाची सुरुवात: तुकोबांचा चरण आणि चाळीतला कांदा

प्रश्न: निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी सप्ताहात मला पहिल्यांदाच पाऊण तासाच्या प्रवचनाची सेवा मिळाली आहे. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ हा अभंग घ्यायचा विचार आहे. ऐकणारे सगळे कांदा-द्राक्षवाले, सध्या भावाच्या काळजीत. अभंग आणि त्यांची काळजी यांचा सांधा सुरुवातीलाच कसा जुळवावा?

उत्तर:

हाच अभंग, तुमच्याच तालुक्यात, आणि मी पुरता आपटलो होतो. म्हणून आधी ते सांगतो.

मी नाशकात शिक्षक आहे, बारा-तेरा वर्षं सवडीनं प्रवचनं करतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका गावच्या सप्ताहात बोलावलं होतं. मी मंगलाचरण केलं, अभंग म्हटला आणि थेट समाधानावर आलो. माणसाच्या गरजा वाढल्या, हाव वाढली, तुकोबा म्हणतात आहे त्यात राहा, वगैरे. माना डोलत होत्या. मला वाटलं, जमलं. नंतर पंगतीत शेजारी बसलेले एक बाबा भाताचा घास कालवत म्हणाले, “महाराज, ठेवलंय खरं अनंतानं. चाळीत ठेवलंय. उचलायला व्यापारी येईना, त्याचं काय?” सगळी पंगत हसली, मीही हसलो, पण घास काही उतरेना.

चूक काय झाली ते घरी येताना गाडीवर लक्षात आलं. मी अभंग एकीकडे ठेवला, त्यांची काळजी दुसरीकडे ठेवली आणि मध्ये उपदेशाची फळी टाकली. अभंगात त्यांची काळजी आधीच बसलेली होती, ती मी शोधलीच नाही. पहिला चरण इतका तोंडात बसलेला असतो की पुढचे दोन आपण घाईत म्हणून टाकतो. पूर्ण अभंग असा:

ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असू द्यावे समाधान ॥
वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ । भोगणे ते फळ संचिताचे ॥
तुका म्हणे घालू तयावरी भार । वाहू हा संसार देवा पायी ॥

आता ‘वाहणे’ पाहा. दुसऱ्या चरणात ‘वाहिल्या उद्वेग’, म्हणजे उद्वेग डोक्यावर वाहिला तर. तिसऱ्यात ‘वाहू हा संसार देवा पायी’. क्रियापद तेच, अर्थ वेगळा. गोणी वाहतो तेही वाहणं आणि देवाला फूल वाहतो तेही वाहणं. एकाच ओझ्याचं आधी हमालीचं वाहणं, मग पूजेचं वाहणं. सगळा अभंग या दोन ‘वाहण्यां’मधून जातो आणि तुमच्या श्रोत्यांना वाहणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. सांधा इथे आहे, ‘समाधान’ या शब्दाशी नाही. म्हणून अवतरणिका दुसऱ्या चरणापासून करा.

पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी मी असं केलं. मंगलाचरण तीन मिनिटांत आवरलं: ‘ॐ नमोजी आद्या’ची ओवी, गुरुवंदन, नाम. अभंग पूर्ण, दोनदा, सावकाश म्हटला. मग साधारण असा बोललो:

“माउली, मघाशी येताना रस्त्याला चाळी लागल्या. भरलेल्या. चाळ कशी असते हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे नदीला पाणी दाखवणं. खालून वारा, बाजूंनी वारा, वरून पाऊस नको. एप्रिल-मेत भरलेला उन्हाळ कांदा पोळ्यापर्यंत, दसऱ्यापर्यंत धरायचा. धरताना तो वजनाला घटतो, काही सडतो, काहीला कोंब येतो. रात्री सर आली की घरधनी बॅटरी घेऊन चाळीशी जातो. वास घेतो. कुठे सड लागलीय का बघतो. लागली असेल तर सकाळी माणसं लावून तेवढा काढतो. हे झालं काम. तुकोबा याला एक शब्द बोलत नाहीत.

पण तो परत येतो, गादीवर पडतो आणि पडल्या पडल्या पुन्हा चाळीत जातो. आता बॅटरी नाही, पाय नाहीत, तरी जातो. काल विकला असता तर किती झाले असते. उद्या थांबलो तर किती होतील. सोसायटीचे किती, दुकानदाराचे किती. हिशेब संपला की पहिल्यापासून. चाळीतला कांदा त्यानं एक तोळाभर वाढत नाही. पहिलं जाणं काम आणि दुसरं जाणं उद्वेग. वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ. ‘केवळ’ बघा. कामाच्या दुःखातून काहीतरी निघतं, सड बाहेर निघते. याच्यातून दुःखच निघतं, दुसरं काही नाही.”

एवढ्याला पाच-सहा मिनिटं लागली. बाहेर ओट्यावर मोबाईल घेऊन बसलेल्यांतले दोघे-तिघे आत येऊन दाराशी टेकले. माझ्यासाठी खूण ती. मान डोलणं ही खूण धरू नका. मान माणूस आदरानं डोलावतो, माझ्या पहिल्या वेळीही डोलत होत्याच. लागलं की माणूस उलट स्थिर होतो, कुणी खाली बघतो, बायांच्या बाजूला एकमेकींकडे बघणं होतं, कारण रात्री कूस बदलणारा घरात कोण आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आता अवघड जागा. त्याच चरणात पुढे येतं, ‘भोगणे ते फळ संचिताचे’. गारपिटीत बाग गेलेल्या माणसाला आपण पंख्याखाली बसून ‘तुझं संचित’ म्हणालो की तो उठून जात नाही, पण मनानं गेलेला असतो. हा अर्धा चरण गाळूही नका. जाणता श्रोता ते लगेच पकडतो. मी तिथे आधी तुकोबांनाच साक्षीला बोलावतो. त्यांचा आत्मचरित्राचा अभंग आहे, ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’. त्यात ते सांगतात:

दुष्काळे आटिले द्रव्ये नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली ॥
लज्जा वाटे जीवा त्रासलो या दुःखे । वेवसाय देखे तुटी येता ॥

हा १६३०च्या सुमाराचा दुष्काळ. घरात महाजनकी, दुकान, सावकारी. पैसा आटला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली. आणि ‘तुटी’ हा शब्द तर तुमच्या श्रोत्यांच्या घरातला आहे. पट्टी घेऊन घरी आलेला माणूस ‘तुटीत गेलो’ म्हणतो, तोच हा शब्द. देहूच्या दुकानदारानं तो स्वतःच्या धंद्याबद्दल वापरलाय, शरम वाटते असं कबूल करून.

हे प्रमाण म्हटल्यावर मी फक्त एवढं म्हणतो: संचिताचं बोलणारा हा माणूस आहे. त्यानं ते शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवून म्हटलेलं नाही, स्वतःच्या घराकडे बघून म्हटलंय. आपणही हा शब्द स्वतःपुरताच वापरायचा, दुसऱ्याच्या दुःखाला लावायचा नाही. एवढं बोलून पुढे जा. कर्मसिद्धांत उलगडत बसलात तर पाऊण तास तिथेच संपेल. गावात नुकतंच कुणी कर्जापायी जीव दिलेला असेल तर मात्र हा अभंग घेऊच नका. ते घर समोर बसलेलं असतं. त्या दिवशी दुसरा अभंग, नाहीतर नुसतं नाम.

यानंतर ‘घालू तयावरी भार’ला या आणि दुसरं ‘वाहणं’ उघडा. इथवर दहा-बारा मिनिटं होतात. सुरुवात इथे संपते, निरूपण इथून. इथे एक गोष्ट स्पष्ट बोला: भार देवावर घालणं म्हणजे हप्ता देवावर घालणं नव्हे. हे मी गमतीनं म्हणतो, लोक हसतात, आणि पहिल्या चरणाचा ‘हातपाय गाळून बसा’ असा अर्थ कुणाच्या मनात असेल तर तो तिथे गळून पडतो.

काही बारीक गोष्टी. दोन तास आधी गावात जा, ओट्यावर चहा घ्या आणि काय चाललंय ते ऐका. भावाची काळजी हे आपण नाशिकहून नेलेलं गृहीतक असू शकतं. एकदा मी चाळीची तयारी करून गेलो आणि त्या गावात बोलणं सगळं पोरांची लग्नं जमत नाहीत याचं होतं. थंडीत गेलात तर कांद्याऐवजी द्राक्ष येईल, मणी तडकायची भीती, डावणी, भुरी. पण दाखला कांद्याचा असो की द्राक्षाचा, तुम्हाला हाताला माहीत असलेलाच घ्या. चाळ मी सासऱ्यांच्या शेतावर भरलेली आहे म्हणून बोलू शकतो. बागेतलं औषध कोणतं कधी मारतात यावर मी तोंड उघडत नाही, पहिल्या रांगेतच माझी परीक्षा होईल. आणि भाव पडला कुणामुळे, यात शिरू नका. तिथे सभा सुरू होते, प्रवचन राहतं बाजूला, आणि गावातले दोन गट तुमच्यासमोर वेगळे बसतात.

अभंग मोबाईलवर आलेल्या मजकुरातून घेऊ नका. शेवटी ‘तुका म्हणे’ चिकटवलेलं बरंच काही फिरतं. देवळात गाथा असते, ती उघडून चरण ताडून घ्या. एखाद्या अक्षराचा पाठभेद सापडला तर गावात जो पाठ म्हणतात तोच म्हणा, नाहीतर विणेकरी बुवा मध्येच दुरुस्ती करतील. माझ्या बाबतीत झालंय.

पहिलं वाक्य मात्र पाठ करून जा, बाकीचं सुचतं. आणि सप्ताह पावसाळ्यात असेल तर एक तयारी ठेवा. प्रवचन चालू असताना पत्र्यावर सर वाजली की मागचे आठ-दहा जण चाळीवर कागद ओढायला उठतील. त्यांना टोकू नका, थांबवू नका. चालू चरण संपवा, दोन मिनिटं ‘जय जय राम कृष्ण हरि’ धरा, आणि ते ओल्या डोक्यानं परत येऊन बसले की पुढचा चरण घ्या.