विटेवर, पण भिंतीवर: सामान्यरूपाविषयी प्रश्नोत्तरे

माझं माहेर इंदूरचं, घरात हिंदी बोलली जायची. 'घर'ला 'त' लावला तर 'घरत' व्हायला हवं. मग 'घरात' कसं? मूळ प्रत्यय 'आत' आहे का?
– एक सूनबाई, ठाणे

प्रत्यय 'त'च आहे. 'आत' हा वेगळा शब्द आहे आणि तो 'घराच्या आत' असा येतो, म्हणून घोटाळा होतो. शंका फेडायची असेल तर दुसरे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं लावून बघा: घराला, घराने, घराचा, घरापुढे, घरासाठी. 'आ' सगळीकडे आहे, म्हणजे तो नामाचाच भाग आहे. शेपूट लागण्याआधी नाम जो वेष बदलतं, त्याला सामान्यरूप म्हणतात. इथे ते 'घरा'.

हा 'आ' जुना आहे. प्राकृतात 'घराचा' या अर्थी 'घरस्स' असं षष्ठीचं रूप होतं. त्याचा शेवट झिजला आणि 'घरा' उरलं. जुन्या ओव्या-अभंगांत कोणताही प्रत्यय न लावता 'घरा आला', 'गावा गेला' अशी रूपं भेटतात, ती हीच. हिंदीत 'घोड़े को' म्हणताना तुम्हीही नाम बदलता. 'घर में' म्हणताना मात्र हिंदी काही बदलत नाही आणि मराठी बदलते.

पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी शब्दांचं सामान्यरूप एकवचनात बहुधा 'आ' किंवा 'या' वर थांबतं. देव-देवा, घर-घरा, घोडा-घोड्या, तळं-तळ्या, पाणी-पाण्या. 'पुणे' नपुंसकलिंगी, म्हणून तळ्यासारखं 'पुण्यात'. काका, मामा, दादा ही नात्यातली माणसं आणि 'राजा' मात्र कुणासाठी बदलत नाहीत. स्त्रीलिंगाचं शास्त्र वेगळं आहे. तो पुढचा प्रश्न.

'वीट' आणि 'भिंत' दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. मग 'विटेवर' पण 'भिंतीवर' असं का? मुलांना काय नियम सांगू?
– एक शिक्षिका, सांगली

अनेकवचन विचारा. एक वीट, अनेक विटा. एक भिंत, अनेक भिंती. अनेकवचन 'आ' वर संपत असेल तर एकवचनाचं सामान्यरूप 'ए' वर जातं, 'ई' वर संपत असेल तर 'ई' वरच राहतं. माळ-माळा-माळेत, मान-माना-मानेवर, रांग-रांगा-रांगेत, सून-सुना-सुनेला. उलट विहीर-विहिरी-विहिरीत, बहीण-बहिणी-बहिणीला, म्हैस-म्हशी-म्हशीचं. चौथीतल्या मुलाला अनेकवचन कानाने आधीच येत असतं, त्यामुळे वेगळी यादी पाठ करायला लागत नाही. ही किल्ली अकारान्त नसलेल्या 'जाऊ'लाही लागते: जावा, म्हणून जावेला.

मुळात हे दोन गट आले कुठून हे मुलांना नाही सांगितलं तरी चालेल, पण तुम्हाला आवडेल. आपल्या आजच्या अकारान्त स्त्रीलिंगी शब्दांपैकी बरेच मुळात अकारान्त नव्हतेच. काहींच्या शेवटी संस्कृतात 'आ' होता: माला, जिह्वा, इष्टका, स्नुषा, खट्वा. काहींच्या शेवटी 'इ' किंवा 'ई': भित्ति, रात्रि, धूलि, भगिनी, महिषी. झिजता झिजता दोन्हींचे शेवट गेले आणि माळ, जीभ, वीट, सून, खाट एकीकडे, भिंत, रात्र, धूळ, बहीण, म्हैस दुसरीकडे, अशी सगळी एकाच साच्यातली दिसू लागली. पण प्रत्ययापूर्वीची रूपं शब्दाच्या पोटात राहिल्यामुळे वाचली. प्राकृतातल्या 'मालाए'चं 'माळे' झालं आणि 'भित्तीए'चं 'भिंती'. शब्दाचा गेलेला शेवट सामान्यरूपात अजून ऐकू येतो, असं समजा. म्हणूनच ज्यांचा 'आ' शाबूत राहिला ते शब्दही त्याच वाटेने जातात: शाळा-शाळेत, भाषा-भाषेत. 'जिभेवर' म्हणा की 'जिह्वेवर', सामान्यरूप एकच. संस्कृतात पुल्लिंगी असलेला 'अग्नि' मराठीत 'आग' होऊन स्त्रीलिंगी झाला, तरी आपला 'इ' विसरला नाही. आगी लागतात आणि माणूस 'आगीत' सापडतो.

किल्ली कुठे अडते तेही सांगतो. 'मदत', 'धूळ' यांचं अनेकवचन आपण करतच नाही. तिथे कानावर भिस्त: मदतीने, धुळीत. अरबी-फारसीतून आलेले 'त' वर संपणारे स्त्रीलिंगी शब्द बहुतेक 'ई' गटात जातात (इमारत, दौलत, किंमत, हिंमत), एवढा आधार पुरतो.

लेखनातला एक सापळा मात्र 'ई' गटात आहे. 'विटेवर' आणि 'विटांवर' यांतला फरक ऐकूही येतो. 'भिंतीवर' आणि 'भिंतींवर' यांत फरक फक्त अनुस्वाराचा. मुद्रितं तपासताना मला सर्वांत जास्त वेळा हाच टिंब घालावा लागतो. 'चारही भिंतीवर चित्रं' असं दिसलं की टिंब द्यायचा.

'वीट' दीर्घ आणि 'विटेवर' ऱ्हस्व, मग 'गीत'चं 'गितात' का नाही?
– एक विद्यार्थी, परभणी

कारण 'गीत' संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले आणि १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. त्यांनुसार मराठी शब्दाचं शेवटून दुसरं दीर्घ 'ई-ऊ' सामान्यरूपात ऱ्हस्व होतं: फूल-फुलाला, वकील-वकिलाला, गरीब-गरिबाला. तत्सम शब्द याला अपवाद: गीतात, शरीरात, दीपाला. तीन अक्षरी शब्दाचं पहिलं अक्षर दीर्घ असेल तर मधला 'ई-ऊ' पार उडून 'अ' होतो: लाकूड-लाकडाला, बेरीज-बेरजेत, पाटील-पाटलांना.

वर्तमानपत्रात 'पक्षांचे थवे' असं वाचलं. निवडणुकीचे दिवस असल्याने क्षणभर खरंच वाटलं. बरोबर काय?
– एक वाचक, अलिबाग

थवे 'पक्ष्यांचे'. 'पक्ष'चं सामान्यरूप 'पक्षा', 'पक्षी'चं 'पक्ष्या'. बोलताना 'य' विरघळतो, लिहिताना तो गेला की जाहीरनामे आकाशात उडू लागतात. तुम्ही अलिबागचे, म्हणून अशीच दुसरी जोडी: 'मासा'चं 'माशांचा' आणि 'माशी'चं 'माश्यांचा'. शेवटी 'सा' असलेले पुल्लिंगी शब्द 'शा' घेतात, त्यात 'य' नसतो (ससा-सशाला, घसा-घशात, पैसा-पैशाला). 'माशी'चं अनेकवचनच 'माश्या', म्हणून तिथे 'य' राहतो. 'माशांचा बाजार' आणि 'माश्यांचा त्रास' हे एकाच ठिकाणी असू शकतात, पण शब्द दोन आहेत.

पुल्लिंगी ईकारान्तांचं एक कोडं इथेच सोडवू. 'पक्षी'चं 'पक्ष्याला' होतं, 'कवी'चं 'कव्याला' का होत नाही? मूळ संस्कृत शब्द बघा. पक्षी, मंत्री, प्राणी, विद्यार्थी, रोगी हे मुळात 'इन्' ने संपणारे (पक्षिन्, मंत्रिन्). ते माळी-तेलींबरोबर जाऊन 'या' घेतात: मंत्र्याला, प्राण्याला. कवि, ऋषि, मुनि, अतिथि मुळात ऱ्हस्व इकारान्त, ते बदलत नाहीत: कवीने, ऋषींना. हल्ली ऐकू येणारं 'मंत्रींनी' मंत्र्यांना ऋषींच्या पंगतीत बसवतं. ते मला पटत नाही. 'हत्ती' तेवढा हट्टी: 'हस्तिन्'पासून येऊनही तो 'हत्तीला'च राहिला.

'गोखल्यांनी' की 'गोखलेंनी'? घरात यावरून वाद आहे.
– एक आजोबा, पुणे

व्याकरणाने 'गोखल्यांनी'. 'ए' वर संपणारी आडनावं 'घोडे'सारखी पुल्लिंगी अनेकवचनी वागतात: घोडे-घोड्यांनी, आपटे-आपट्यांनी. मी हेच लिहितो. पण 'साठ्यांचा' वाचून माणूस की गोदामातला माल असा प्रश्न पडू शकतो, आणि बातमीत आडनाव ओळखू येणं महत्त्वाचं असतं. म्हणून 'साठेंचा' लिहिणाऱ्यांचं कारण मला कळतं. मजकुरात एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवा, वाद घरात चालू राहू दे.

सोसायटीच्या फलकावर ही सूचना लागली: 'सभासदांनी देखभालीची रक्कम बँकच्या शाखामध्ये १० तारीखच्या आत भरावी. रक्कमेची पावती बसमध्ये हरवू नये.' खटकतं, पण नेमकं काय चुकलं? 'बसमध्ये' बरोबर असेल तर 'बँकमध्ये' का नाही?
– एक सभासद, डोंबिवली

वरची किल्ली फिरवू. 'बँक' परका शब्द, पण त्याने मराठी अनेकवचन घेतलं आहे: बँका. म्हणून 'ए' गट, 'बँकेच्या'. तारीख-तारखा, म्हणून 'तारखेच्या आत'. मधला 'ई' उडाला तो लाकडाच्या नियमाने. 'शाखा' तर 'शाळा'सारखी: एक असेल तर 'शाखेमध्ये', अनेक असतील तर 'शाखांमध्ये'. 'शाखामध्ये' दोन्हींत बसत नाही, आणि किती शाखांत पैसे भरता येतील हेही त्यातून कळत नाही. 'रक्कम'चं अनेकवचन 'रकमा', म्हणून 'रकमेची'. अशा तीन अक्षरी शब्दात मधल्या 'क' किंवा 'प' चं द्वित्व सामान्यरूपात सुटतं: चप्पल-चपलेने, छप्पर-छपराला.

आता 'बस'. 'बसा' असं अनेकवचन कुणी करत नाही. आपण 'बसगाड्या' म्हणतो, 'बसेस' म्हणतो किंवा 'दोन बस' म्हणून मोकळे होतो. मराठी अनेकवचन नाही, म्हणून मराठी सामान्यरूपही नाही: बसमध्ये, बसने, बसला. 'कार'चंही तेच. उलट 'नोट'च्या 'नोटा' झाल्या आणि शिक्का 'नोटेवर' आला. 'फाईल'च्या 'फायली' झाल्या आणि कागद 'फायलीत' गेले. 'सायकल' अजून उंबरठ्यावर आहे. 'सायकलीवर' आणि 'सायकलवर' दोन्ही ऐकू येतं.

यात 'मध्ये' मोठी मदत करतो. तो बदल न झालेल्या शब्दालाही चिकटतो, 'त' चिकटत नाही. 'हॉटेलमध्ये' चालतं, 'हॉटेलात' चालतं, 'हॉटेलत' कुणाच्या तोंडून येणार नाही. गावांच्या नावांतही हाच फरक दिसतो. 'नागपूरला' म्हणताना नाव तसंच राहतं, पण 'त' आला की 'नागपुरात' व्हावंच लागतं.