चवथीची रजा आणि बाहेरून आलेले साहेब

"आमच्या हॉटेलात नवे मॅनेजर आलेत, गोव्याबाहेरून. बारा वर्षं आम्ही रजा आपापसात ठरवतो. चवथीला ख्रिस्ती सहकारी काम सांभाळतात, नाताळला आम्ही. साहेब म्हणाले, हा सुशेगादपणा बंद. आता रजा अ‍ॅपवर, आधी मागेल त्याला. 20 डिसेंबर ते 5 जानेवारी तर कुणालाच नाही. काय सांगायला जावं तर ऐकूनच घेत नाहीत. काय करू?"

पेडण्याकडची ही बाई हाउसकीपिंगची सुपरवायझर. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. जून 2025 मध्ये ती माझ्याकडे आली तेव्हा "सुशेगाद", म्हणजे निवांत, आरामशीर, हा टोमण्यासारखा फेकलेला एकच शब्द तिच्या मनात सलत होता. पहिला तास त्यातच गेला, आणि तो जाऊ द्यावा लागतो. अपमान बोलून झाल्याशिवाय माणूस रोस्टरकडे बघू शकत नाही.

दुसऱ्या भेटीत मी तिला साहेबांची वाक्यं आठवतील तशी लिहायला लावली. टोमणे एका बाजूला, प्रश्न दुसऱ्या बाजूला. टोमणे पाच निघाले, प्रश्न एकच: "24 तारखेला कोणी आजारी पडलं, तर बदली कोण येणार, हे कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलं नव्हतं. सगळं तिच्या डोक्यात आणि एका वहीत. जुन्या मॅनेजरांना तेवढं पुरत होतं, कारण त्यांनी बारा वर्षं तिला पाहिलं होतं. नव्या माणसाला दिसत होतं ते एवढंच, की नेमक्या गर्दीच्या दिवसांत कोण येणार हे त्याला ठाऊक नाही, आणि एखादी खोली वेळेवर तयार झाली नाही तर जाब मात्र त्याला द्यावा लागणार.

मधल्या काळात तिने एक चूक केली होती. सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज सकाळच्या ब्रीफिंगमध्ये साहेबांच्या हातात दिला होता. बाहेरून आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात सगळ्यांसमोर माघार घेता येत नाही. ते आणखी ताठर झाले. ज्या भांडणात समोरच्याला आब राखून मागे फिरता येत नाही, ते मी तरी कुणाला सुचवत नाही.

मग वही उघडली. मागच्या तीन वर्षांत चवथीला कोण आलं, नाताळला कोण आलं, हे तिने एका कागदावर मांडलं. एकूण माणसं 26, त्यांत ख्रिस्ती 9. चवथ पावसाळ्यात येते, तेव्हा निम्म्याहून जास्त खोल्या रिकाम्या असतात आणि सात जणांत काम निभतं. नाताळात हॉटेल भरलेलं असतं, तेरा लागतात, आणि ख्रिस्ती सहकारी घरी गेले तरी सतरा उरतात. तिला तोंडपाठ असलेला हा हिशेब साहेबांनी कधी ऐकलाच नव्हता.

त्याच कागदावर एक नकोशी गोष्टही दिसली. कंत्राटावरच्या दोन मुलींना तीन वर्षांत चवथही मिळाली नव्हती, नाताळही नाही. अदलाबदलीत त्यांना कोणी धरलंच नव्हतं. ती बराच वेळ गप्प बसली. "आमचं चांगलं चाललंय" यातल्या "आमचं"मध्ये कोण कोण येतं, हे माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जुन्या टीमना विचारावं लागतं.

ती साहेबांकडे एकटी गेली, दुपारी चारला, चेक-इनची गर्दी ओसरल्यावर. मागणी लहान ठेवली: फक्त चवथीपुरता प्रयोग. गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला आदला दिवस, चवथ आणि दुसरा दिवस, अशी तीन दिवस रजा. रोज दोन बदली माणसं नावानिशी लिहिलेली. सगळं अ‍ॅपमध्ये भरायचं. दुपारी दोनला पाहुणा आला आणि खोली तयार नसली, तर पुढच्या वर्षीपासून साहेब म्हणतील तसं. त्या दोन मुलींची नावं यंदा रजेच्या यादीत होती.

27 ऑगस्टला चवथ झाली. 28 ला एकाला ताप आला, यादीतला बदली माणूस आला. एक खोली वीस मिनिटं उशिरा तयार झाली. तिने ती स्वतःहून नोंदवली. लपवू नकोस, हे मी बजावलं होतं, कारण साहेबांना ते दुसऱ्याकडून कळलं असतं तर अख्ख्या कागदावरचा विश्वास उडाला असता.

नाताळचं पूर्ण मिळालं नाही. 24 ची संध्याकाळ आणि 25, दोन तुकड्यांत, एवढंच. 31 ला सगळ्यांनी हजर राहायचं. टोमणे कमी झाले, थांबले नाहीत. ते चारचौघांत, जातीधर्मावर जाऊ लागले असते तर मी तिला हा रस्ता सांगितला नसता. तारीख-वार लिहून एचआरकडे लेखी तक्रार करायला सांगितलं असतं.

डिसेंबरचं रोस्टर साहेबांनी तिलाच करायला सांगितलं, अ‍ॅपमध्ये. वही अजून तिच्या लॉकरमध्ये आहे.