टिपाडभर पाणी आणि ग्राहकाचं संतोषाधिक्य

प्रश्न : साडीवर २००० रुपयांचा आकडा खोडून १४०० लिहिला होता. मी ती घेतली. माझं संतोषाधिक्य ६०० ना? (परभणी)

नाही. संतोषाधिक्य म्हणजे तुम्ही जास्तीत जास्त जेवढे दिले असते, त्यातून प्रत्यक्ष दिलेले वजा करून उरतं ते. खोडलेला आकडा दुकानदाराचा. त्या साडीसाठी तुम्ही जास्तीत जास्त किती दिले असते, तो आकडा धरा. १५०० दिले असते, तर आधिक्य १००.

प्रश्न : उन्हाळ्यात ५० रुपयांचं टिपाड ७० ला मिळतं. आमचं नुकसान म्हणजे जेवढी टिपाडं घेतो, तेवढे वीस-वीस रुपये, एवढंच का? (लातूर)

जवळपास तेवढंच, पण थोडं निसटतं. समजा, आठवड्याचं पहिलं टिपाड पिण्या-स्वयंपाकाचं आहे. त्याला तुम्ही १५० सुद्धा द्याल. दुसरं आंघोळीचं, १००. तिसरं धुण्याचं, ८०. चौथ्यानं अंगण आणि गाडी धुवायची, त्याला ६०. पाचव्याला ३०.

भाव ५० असताना तुम्ही चार घेता. पाचव्याचं मोल तुमच्या लेखी भावापेक्षा कमी, म्हणून ते नको. चारींसाठी ३९० द्यायची तयारी होती, दिले २००; आधिक्य १९०. भाव ७० झाला की चौथं सुटतं. तिन्हींसाठी तयारी ३३०, दिले २१०, आधिक्य १२०.

म्हणजे ७० रुपये गेले. त्यातले ६० तीन टिपाडांवरचे, ते टँकरवाल्याकडे गेले. उरलेले १० मात्र कुणालाच मिळाले नाहीत. न घेतलेल्या चौथ्या टिपाडावरचा तुमचा फायदा होता तो. फक्त बिलं तपासली, तर हे १० कधीच दिसत नाहीत.

प्रश्न : सरकारी टँकर फुकट. मग सगळं आधिक्य आपलंच? (बीड)

रांगेतला वेळ वजा करा. दोन टिपाडांचं मोल २५० असेल आणि त्यासाठी २०० रुपयांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली, तर हाती ५० उरतात. आणि मजुरी बुडते ती बहुतेक घरातल्या बाईचीच. हे हिशेबात धरलंच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

प्रश्न : जो जास्त पैसे द्यायला तयार, त्याची गरज जास्त, असं म्हणता येईल का? (नांदेड)

मुळीच नाही. तयारीत गरजेसोबत खिसाही मोजला जातो. बंगल्यातला माणूस बागेच्या टिपाडाला ९० देईल. मजुराची ऐपत पिण्याच्या टिपाडालाही ६० चीच. भाव ५० चा ७० झाला की बाग भिजते आणि मजूर बाजारातून बाहेर पडतो. कागदावर त्याचं नुकसान दिसतं फक्त १० रुपयांचं, बागवाल्याचं २०. कोरड्या घशाचा मजूर या बेरजेत बागवाल्यापेक्षा कमी दुखावलेला ठरतो! २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, तेव्हा कोण किती मोजेल हे विचारून ते वाटलं असतं, तर आधी बागा भिजल्या असत्या. म्हणून टंचाईत सरकारी टँकरच्या फेऱ्या माणशी लिटरवर ठरवतात.