कापसाच्या ट्रॉलीचा धक्का: नोंद आज करा, क्लेमचे नंतर ठरवा

प्रश्न: काल सायंकाळी यवतमाळ-दारव्हा मार्गावर कापसाच्या ट्रॉलीने माझ्या कारचा पुढचा कोपरा दाबला. कोणालाही लागलेले नाही. फोटो काढले आहेत. ट्रॅक्टरवाला आपसात मिटवू म्हणतो. पोलिसांत जावे का? विम्याचे काय?

पोलिसांत जावे, आणि 24 तास उलटण्यापूर्वी जावे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 134 प्रमाणे, कोणी जखमी नसले तरी दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास चालकाने त्या मुदतीत ठाण्याला कळवायचे असते. वेळ, ठिकाण व दोन्ही वाहनांचे क्रमांक लिहिलेला साधा अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. विमा कंपनीलाही आजच कळवा. कळवल्यावरही क्लेम मागे घेता येतो, उशिराचे कारण मात्र समजावत बसावे लागते.

फोटोंत केवळ दबलेला पत्रा असेल तर ते अपुरे आहेत. दोन्ही वाहनांचे क्रमांक, ट्रॉलीचा जो भाग लागला तो, आणि जवळचा किलोमीटरचा दगड किंवा फाटा दिसायला हवा. राहिले असेल तर त्या जागेचे फोटो आज काढून ठेवा. ट्रॅक्टरवर बहुधा मालक नसतो, म्हणून चालकासोबत मालकाचेही नाव व फोन घ्या, आणि ट्रॉलीवर वेगळा क्रमांक असल्यास तोही. त्या वाहनाचा विमा चालू आहे का, हे mParivahan वर क्रमांक टाकून पाहता येते.

क्लेम करावा का, हे हिशेबावर ठरवा. समजा, तुमची कार दोन ते तीन वर्षांची आहे, पॉलिसी साधी आहे आणि आजवर क्लेम नाही. खर्च 12,000 रुपये: बंपर 6,000, फेंडर 4,000, मजुरी 2,000. प्लास्टिकच्या बंपरवर 50 टक्के घसारा म्हणजे 3,000, फेंडरच्या पत्र्यावर 15 टक्के म्हणजे 600, आणि 1500 सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची वजावट 1,000. हातात येतील 7,400. चूक ट्रॅक्टरची असली तरी आपल्या पॉलिसीतून पैसे घेतल्यावर नो क्लेम बोनस जातो. पुढील तीन वर्षे तो 35, 45 आणि 50 टक्के मिळाला असता, तो आता शून्य, 20 आणि 25 राहील. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा हप्ता 8,000 धरल्यास तोटा सुमारे 6,800 होतो. एवढ्यासाठी क्लेम करण्यात मला अर्थ दिसत नाही. हेडलॅम्प, रेडिएटरही गेले असतील तर चित्र पालटते. रेडिएटर गळत असताना गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका, कारण त्याने इंजिन बसले तर तो खर्च सहसा नाकारला जातो. सर्वेक्षण होईपर्यंत कामही सुरू करू देऊ नका.

हा हिशेब होईपर्यंत ट्रॅक्टरमालकाला ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून देऊ नका, आणि आपली चूक असल्याचेही कुठे लिहू नका; कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तडजोड करणे पॉलिसीच्या अटींविरुद्ध असते. क्लेम करायचाच नाही असे ठरले, तर मात्र त्याच्याकडून गॅरेजच्या अंदाजपत्रकाएवढी रक्कम घ्या आणि पोलीस पाटलांच्या साक्षीने दोघांच्या सह्यांचा कागद करा.