त्रेपन्नावा आठवडा : वाचकांचे प्रश्न

*२०२६ मध्ये त्रेपन्न आठवडे आहेत म्हणे. मग यंदा एक पगार जास्त मिळणार ना? आमचा पगार शनिवारी असतो. (शहापूर)*

नाही. कॅलेंडर गुरुवारमुळे त्रेपन्न आठवडे दाखवतं. २०२६ मध्ये गुरुवार ५३ आहेत, शनिवार ५२च.

*वर्कशॉपमध्ये मला साल १,५६,००० ठरलंय, दर शनिवारी ३,००० मिळतात. मालक म्हणतात, ज्या साली त्रेपन्न शनिवार येतील त्या साली त्रेपन्नने भागणार. हे बरोबर आहे का? (उद्यमबाग)*

हे गेल्या काही महिन्यांतलं पाचवं पत्र, आणि प्रत्येकात तोच हिशेब. ३६५ला सातने भागलं की ५२ आठवडे होतात आणि एक दिवस उरतो. लीप वर्षात दोन. उरलेले दिवस कुठे जात नाहीत, साठत जातात. १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२८ हे १८२७ दिवस, म्हणजे बरोबर २६१ आठवडे. पाच वर्षं ५२ने मोजली तर २६० होतात. तो एक जास्तीचा शनिवार २०२३-२४ मध्ये येऊन गेला, पुढचा २०२८-२९ मध्ये येईल, कारण १ एप्रिल २०२८ला शनिवार आहे. त्या आठवड्यातही तुम्ही सहा दिवस घाम गाळणारच आहात. तो काही बोनस नाही.

त्रेपन्नने भागलं तर हातात २,९४३ रुपये ४० पैसे पडतील, म्हणजे दर आठवड्याला ५६ रुपये ६० पैसे कमी. मालक म्हणतील, सालाचा आकडा तर तोच आहे. सगळं अडतं ते इथेच. नेमणूकपत्रात आठवड्याचा दर लिहिला असेल तर तो असा परस्पर उतरवता येत नाही. फक्त सालाचा आकडा असेल तर वाद होऊ शकतो. दोघांनाही सांगतो, कागद घेऊन कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे आजच जा. २०२८च्या मार्चात धावपळ नको. आणि 'सगळीकडे असंच करतात' हे ऐकून सही करू नका.

*दर पंधरवड्याला पगार म्हणजे महिन्यातून दोनदाच ना? (निपाणी)*

एक आणि सोळा तारखेला असेल तर वर्षाला २४. दर चौदा दिवसांनी असेल तर २६, आणि क्वचित एखाद्या वर्षी २७. तुमचं कुठलं, ते हिशेबनिसाला विचारा.

*१०,४०० उचल घेतली होती. आठवड्याला २०० कापतात. त्रेपन्नाव्या आठवड्यातही कापले. (वडगाव)*

५२ × २०० = १०,४००. उचल बावन्नाव्या हप्त्यालाच फिटली. सॉफ्टवेअरला 'दर आठवडा' सांगितलंय, कुठे थांबायचं ते कोणी सांगितलेलं नाही. चिठ्ठ्या जपून ठेवा आणि २०० परत मागा.

*एक एजंट 'त्रेपन्न आठवड्यांचं खास पॅकेज' विकतोय. घ्यावं का? (मच्छे)*

नको. १ एप्रिलला जो वार, तो त्या आर्थिक वर्षात ५३ वेळा येतो. वर्षात २९ फेब्रुवारी असेल तर २ एप्रिलचा वारही. तुमचा पगाराचा वार त्यात आहे का, एवढं बघायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. पीएफची पगारमर्यादा महिन्यावर मोजतात, त्यामुळे आठवड्याला ३,२०० घेणारा मजूर पाच शनिवारांच्या महिन्यात १६,००० वर जातो. ते मात्र पीएफ सल्लागाराला दाखवून घ्या.