डिशवॉशरमध्ये सुरी, दवली आणि नॉनस्टिक टाकावं का?

"नवीन डिशवॉशर घेतलाय, दुकानवाला म्हणाला सगळं चालतं. नॉनस्टिक तवा, लाकडी डाव आणि मासे कापायच्या चांगल्या सुऱ्या टाकल्या तर खरंच बिघडतात का? आम्ही मडगावला असतो."

बिघडतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी. मशीनची टॅब्लेट म्हणजे आपला भांड्यांचा साबण नव्हे, त्यात धुण्याचा सोडा असतो, बहुतेक टॅब्लेटमध्ये ब्लीचही असतं, आणि ते पाणी 50 ते 70 डिग्री गरम करून तासभर, कधी दोन तास भांड्यांवर मारलं जातं, वर शेवटी गरम सुकवण. स्टीलची ताटं, काचेचे ग्लास हे सगळं आरामात सोसतात.

सुऱ्यांचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. चमच्याच्या स्टीलमध्ये बहुधा 18 टक्के क्रोमियम असतं, कार्बन नावापुरतं, म्हणून ते गंजत नाही. चांगल्या सुरीला धार टिकावी म्हणून मुद्दाम कार्बन घातलेलं असतं, जर्मन पद्धतीच्या सुरीत साधारण अर्धा टक्का, आणि क्रोमियम 15 च्या आसपास, त्यातलंही थोडं कार्बनच्या नादाला लागून अडकतं. म्हणजे नाव स्टेनलेस असलं तरी गंजापासून संरक्षण चमच्यापेक्षा कमीच. आता आपल्या घरी काय होतं बघा. आमच्या वहिनी म्हापशाला असतात, त्यांनी दुपारी बांगडे साफ केलेली सुरी तशीच मशीनमध्ये ठेवली, भांडी भरेपर्यंत थांबायचं म्हणून, आणि रात्री झोपताना मशीन लावलं. तोपर्यंत माशाचं मीठ आणि सोलाचं आंबट पाणी पात्याला चिकटून त्या बंद दमट डब्यात सात-आठ तास राहिलं. खरा घात तिथे झाला, मिठातलं क्लोराइड पात्यावर खड्डे पाडतं, मशीनच्या गरम पाण्याने फक्त त्याचा वेग वाढवला. दोन-चार वेळा असं झाल्यावर धारेजवळ बारीक तपकिरी ठिपके दिसले. खायचा सोडा ओला करून कापडाने पात्याच्या लांबीने घासला, गंजाचा रंग गेला पण टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहिले. ठिपका घासून गेला आणि नखाला काही लागत नाही तर तो वरवरचा डाग, नख अडकलं तर खड्डा. धारेवरचा खड्डा जायचा तर धार लावणाऱ्याकडे पातं तेवढं घासूनच काढावं लागतं.

दुसरं म्हणजे धार. पाण्याच्या माऱ्याने सुरी हलते, शेजारच्या स्टीलवर आपटते, आणि बारीक धार दुमडते. लाकडी मूठ असेल तर लाकूड फुगतं, आकसतं, रिवेट सैल होतात आणि फटीत घाण साचते. आदोळी तर मुळीच नको, तिचं पातं बरेचदा साध्या लोखंडाचं असतं आणि खाली लाकूड, दोन्हीची वाट लागते. सुरी वापरली की लगेच आधी थंड पाण्याने धुवा (गरमाने माशाचं प्रथिन चिकटून बसतं), मग साबण, मग कोरडी पुसून ठेवा. पावसाळ्यात पुसल्यावरही थोडा वेळ पंख्याखाली राहू दे.

लाकडाचं कारण पाणी आणि सुकवण दोन्ही. फणसाचा डाव किंवा करवंटीची दवली तासभर पाणी पिऊन फुगते, मग गरम हवेत पटकन आकसते, म्हणून रेषेरेषेने चिरा जातात. शिवाय गरम सोडा लाकडातलं तेल काढून टाकतो, लाकूड पांढरट आणि खरखरीत होतं, हात फिरवला तर तंतू टोचतात. चिरेत राहिलेल्या ओलीवर आपल्या जून-जुलैच्या हवेत बुरशी धरतेच. हाताने पटकन धुवा, भिजत ठेवू नका, उभं ठेवून सुकवा, आणि कोरडं वाटलं की खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवून रात्रभर ठेवा, सकाळी जास्तीचं पुसून टाका. आपल्याकडे घरात ते असतंच आणि इतर बऱ्याच तेलांपेक्षा उशिरा खवट होतं.

नॉनस्टिकमध्ये लोकांना वाटतं गरम पाण्याने थर जातो, तसं नाही. तो थर चुलीवरही 200 डिग्री सोसतो, 70 डिग्रीचं त्याला काही नाही. बिघडतं ते खालचं अॅल्युमिनियम. कड, रिवेटचं भोक, एखादा चरा, जिथे धातू उघडा आहे तिथे सोडा त्याला खातो, आणि थर कडेपासून सुटायला लागतो. ओळखायचं कसं तर धुऊन सुकलेला तवा पांढऱ्या टिश्यूने कडेला आणि तळाला पुसा, राखाडी काळं लागलं की अॅल्युमिनियम झिजायला लागलंय. कडेला थर फुगलेला, सोललेला दिसला तर तो तवा बाद करा. डब्यावर डिशवॉशर सेफ लिहिलेलं असलं तरी बऱ्याच कंपन्या माहितीपत्रकात हातानेच धुवा म्हणतात, तेवढं वाचून बघा. तवा आधी गार होऊ दे, मग मऊ स्पंजने साबण, एका मिनिटाचं काम आहे. गरम तव्यावर थंड पाणी मात्र ओतू नका, तळ वाकतो आणि मग घावन एका बाजूला जाड होतं.

अख्ख्या स्टीलच्या जेवणाच्या सुऱ्या, ज्यांना फारशी धार नसते, त्या खुशाल टाका.